ईमेलमध्ये दिलेला शब्द, करारनाम्यात न आलेला

महाराष्ट्रात बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला जो करारनामा सही करावा लागतो, त्याचा नमुना राज्य सरकारनेच ठरवून दिला आहे. २०१६ च्या रेरा कायद्याखाली २०१७ साली नियम झाले आणि त्यांना हा नमुना जोडला गेला. त्याच्या शेवटच्या पानांकडे, जिथे वाचणारा कंटाळलेला असतो आणि दुय्यम निबंधक कार्यालयातला टोकन नंबर जवळ येत असतो, तिथे ‘एन्टायर ॲग्रीमेंट’ नावाचा परिच्छेद आहे. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा: हा करारनामा आणि त्याची परिशिष्टं मिळून दोन्ही पक्षांमधला संपूर्ण करार होतो, या फ्लॅटबाबत आधी झालेले समज, अलॉटमेंट लेटर, पत्रव्यवहार, लेखी असोत वा तोंडी, त्या सगळ्यांची जागा आता हा करारनामा घेत आहे.

‘पत्रव्यवहार’ या शब्दात सेल्स ऑफिसमधून आलेले सगळे ईमेल येतात. एरवी ग्राहकाच्या बाजूने लिहिलेल्या नमुन्यातच हे कलम असल्याने अनेकांना वाटतं, सही झाली की आधीचं सगळं पुसलं गेलं. बिल्डरची माणसंही तसंच सांगतात. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं कळायला हे कलम नेमकं कुठवर पोचतं ते पाहावं लागतं.

ईमेल म्हणजे नुसत्या गप्पा, कायद्याच्या दृष्टीने त्यांना किंमत नाही, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये एका कंपनीने वेदांता ॲल्युमिनियमला ऑस्ट्रेलियातून बॉक्साइटची पाच जहाजं पाठवायचा प्रस्ताव ईमेलने दिला आणि दुसऱ्याच दिवशी ईमेलने होकार आला. रीतसर करारपत्र व्हायचं होतं. मसुदे इकडून तिकडे फिरत राहिले. नंतर वेदांताचं म्हणणं पडलं की करारपत्रावर सही नाही, म्हणजे करारच झाला नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. महत्त्वाच्या अटी ठरल्या होत्या, होकार बिनशर्त होता, म्हणून करार झाला होता. सही केलेला कागद नसेल तर ईमेलच करार ठरू शकतात. प्रश्न उभा राहतो तो पुढे तसा कागद होतो तेव्हा, कारण तो कागद आधीच्या ईमेलांना बाजूला सारायला निघतो.

आपल्या कायद्यात याची मुळं १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९१ आणि ९२ मध्ये आहेत. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ही कलमं आकडे बदलून ९४ आणि ९५ झाली. आशय तोच राहिला. कराराच्या अटी कागदावर उतरल्या की त्या सिद्ध करायला तो कागदच दाखवायचा, हा पहिला नियम. त्या अटींच्या विरुद्ध, त्यांत भर घालणारा किंवा त्यातून काही वजा करणारा तोंडी करार पुढे आणायचा नाही, हा दुसरा. यामागचा हेतू सरळ आहे. लोक लिहून घेतात ते नंतर आठवणींवर भांडायला लागू नये म्हणून.

यातला एक बारकावा वकीलही कधी कधी घाईत विसरतात. दुसऱ्या नियमाची भाषा ‘तोंडी’ कराराबद्दल आहे आणि ईमेल तर लेखी असतो. त्यामुळे आधीच्या ईमेलांचा बंदोबस्त पूर्णपणे पुरावा कायद्यावर सोडणं करार लिहिणाऱ्याला धोक्याचं वाटतं. ‘एन्टायर ॲग्रीमेंट’ कलम ती फट बुजवतं: लेखी असो वा तोंडी, मागचं काही उरलेलं नाही, असं दोन्ही पक्ष स्वतःच्या सहीने मान्य करतात.

इंग्लंडमध्ये, जिथून हे कलम आपल्याकडे आलं, २००० साली एका पबच्या भाडेकरूचा खटला गाजला. ठरावीक पुरवठादाराकडूनच बिअर घ्यायची, अशी अट भाडेकरारात होती. एका तारखेपासून त्या अटीतून मोकळं करू, असं मालक कंपनीने आधी आश्वासन दिलं होतं, असं भाडेकरूचं म्हणणं. करारात ‘संपूर्ण करार’ कलम होतं. न्यायमूर्ती लाइटमन यांनी ते आश्वासन ग्राह्य धरलं नाही. वाटाघाटींच्या झाडोऱ्यात शिरून, कुणीतरी सहज बोललेलं एखादं वाक्य शोधून त्यावर नवा दावा उभारता येऊ नये, हाच अशा कलमाचा हेतू, असं त्यांनी म्हटलं. आजही हे कलम वापरणारा प्रत्येक वकील मनातून त्याच निकालावर भिस्त ठेवतो.

आता व्यवहारात काय होतं ते पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण पुण्याच्या वाघोलीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर फ्लॅट पाहून आलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. ऐंशी लाखांचा टू बीएचके. बुकिंगच्या आधी सेल्स मॅनेजरने एका जोडप्याला कंपनीच्या आयडीवरून ईमेल केला. त्यात पाच गोष्टी होत्या. ताबा पुढच्या डिसेंबरमध्ये मिळेल. दोन वर्षं मेंटेनन्स भरावा लागणार नाही. सोबतच्या ब्रोशरमध्ये दाखवल्याप्रमाणे क्लबहाऊसला स्विमिंग पूल असेल. बाल्कनीसमोरच्या मोकळ्या जागेत कायम बाग राहील, तिथे काही बांधायचं नाही. आणि ‘हे परिसरातलं सर्वोत्तम लोकेशन आहे, गुंतवणूक दुप्पट होईल.’ जोडप्याने आठ लाख भरले. रेरानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणून आठच. दोन महिन्यांनी करारनामा नोंदवला गेला. त्यात ताब्याची तारीख एक वर्षाने पुढची होती, मेंटेनन्सच्या सवलतीचा उल्लेख नव्हता, परिशिष्टात ‘क्लबहाऊस व संलग्न सुविधा’ एवढंच लिहिलं होतं, बागेबद्दल चकार शब्द नव्हता. आणि शेवटी ते कलम होतंच.

पाचवी गोष्ट आधी निकालात काढता येते. ‘सर्वोत्तम’, ‘दुप्पट होईल’ ही विक्रेत्याची भलामण आहे. कलम असो वा नसो, त्यावर दावा उभा राहत नाही.

ताब्याच्या तारखेचा मुद्दा जोडप्याच्या हातून जवळजवळ गेला आहे. करारनाम्यात एक तारीख स्पष्ट लिहिलेली, ईमेलमधली तिच्याशी थेट विसंगत. अशा ठिकाणी न्यायालय सही केलेल्या कागदाच्या बाजूने झुकतं, आणि कलम नेमकं याचसाठी लिहिलेलं असतं. सहीपूर्वी मसुदा हातात होता, तारीख वाचता येत होती. मग आधीच्या ईमेलवर विसंबलो म्हणणं कठीण होतं.

मेंटेनन्सचं प्रकरण थोडं वेगळं आहे. इथे करारनामा विरोधात बोलत नाही, तो गप्प आहे. कागद ज्या विषयावर गप्प आहे आणि ज्याने त्याच्या अटींना धक्का लागत नाही, असा वेगळा तोंडी करार सिद्ध करायला पुरावा कायद्यातला एक अपवाद परवानगी देतो. पण तोच अपवाद न्यायालयाला सांगतो की कागद किती औपचारिक आहे तेही पाहा. नोंदणीकृत, मुद्रांक भरलेला, वर ‘यापलीकडे काही नाही’ असं सांगणारा करारनामा याहून औपचारिक काय असणार? म्हणून ही सवलत मिळेल अशी आशा धरता येते, भरवसा नाही. बिल्डरने प्रत्यक्षात सहा महिने मेंटेनन्स मागितलाच नाही आणि सातव्या महिन्यापासून मागू लागला, तर चित्र बदलतं, कारण तेव्हा पक्षांच्या नंतरच्या वागण्याचा आधार मिळतो.

स्विमिंग पूलपाशी मात्र प्रश्न कराराच्या अर्थाचा होतो. ‘संलग्न सुविधा’ म्हणजे काय? इथे आधीचा ईमेल नवी अट म्हणून आणला जात नाही. करारातलेच शब्द प्रत्यक्ष कशाला लागू होतात ते दाखवायला आणला जातो, आणि तेवढी मुभा पुरावा कायदा देतो. याची मर्यादा समजवायला जुन्या कायद्यात दोन गमतीदार उदाहरणं दिली होती. एकात, कागदावर घोडा ‘एक हजार किंवा दीड हजार रुपयांना’ विकल्याचं लिहिलं आहे. नेमकी किंमत कोणती हे सांगायला बाहेरचा पुरावा चालणार नाही, कारण दोष कागदाच्या तोंडावरच दिसतो आणि तो भरून काढणं म्हणजे नवा करार लिहिणं. दुसऱ्यात, एकाने ‘माझं कलकत्त्यातलं घर’ विकलं. त्याचं कलकत्त्यात घर नाही, हावड्यात आहे, आणि घेणारा खरेदीखतापासून त्याच घरात राहतो. इथे पुरावा चालतो. शब्द स्वच्छ आहेत, प्रत्यक्ष जगाशी जुळवताना अडतात. ‘संलग्न सुविधा’ या दुसऱ्या प्रकाराला जवळ आहे. शिवाय मसुदा बिल्डरनेच लिहिलेला असल्याने संदिग्ध शब्दाचा अर्थ त्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्वही जोडप्याच्या कामी येतं.

आणि ब्रोशरच्या मागे स्वतः रेरा उभा आहे. त्याचं कलम १२ म्हणतं की जाहिरात, प्रॉस्पेक्टस किंवा मॉडेल फ्लॅटमधल्या माहितीवर विसंबून एखाद्याने पैसे भरले आणि ती माहिती चुकीची निघून त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत. ‘जाहिरात’ची व्याख्याही ऐसपैस आहे, कोणत्याही माध्यमातून प्रकल्पाची माहिती देणारं परिपत्रक, दस्तऐवज, प्रसिद्धी तिच्यात बसते. सगळ्या ग्राहकांना पाठवलेलं ब्रोशर तिच्यात सहज येतं. एकाच माणसाला लिहिलेला खासगी ईमेल येतो की नाही यावर वाद घालता येईल. म्हणून ईमेलमधलं ‘सोबतच्या ब्रोशरप्रमाणे’ हे शब्द इथे मोलाचे ठरतात. आठ लाख कधी भरले तेही पाहिलं जाईल, कारण माहिती आधी आणि पैसे नंतर, असा क्रम कलमाला लागतो.

मग रेरा एकीकडे ब्रोशरला बळ देतो आणि त्याच्याच नियमांतला नमुना दुसरीकडे आधीचं सगळं पुसतो, हे कसं? उत्तर असं की दोन्हींचा विषय वेगळा आहे. करारनाम्यातलं कलम कराराच्या अटी कोणत्या ते ठरवतं. कलम १२ चा हक्क करारातून येतच नाही. तो कायद्याने दिला आहे, आणि दोन माणसांनी सही केलेल्या परिच्छेदाने विधिमंडळाचा किंवा संसदेचा कायदा बाजूला सारता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते नमुन्यातच ही गोष्ट एका ओळीत लिहायला हवी होती. तसं न केल्यामुळे सामान्य ग्राहक ते कलम वाचून तक्रार करायलाच जात नाही.

रेरा नसतानाही न्यायालयांनी ब्रोशरकडे दुर्लक्ष केलेलं नाही. बेंगळुरूच्या बेगूर भागातल्या डीएलएफच्या प्रकल्पात ३३९ फ्लॅटधारकांनी ग्राहक आयोगाकडे धाव घेतली होती. ताबा उशिरा मिळाला, आणि आवारात शाळा, दुकानं, आरोग्यसेवा असेल असं सांगितलं होतं ते झालं नाही. या सोयी जवळपास उपलब्ध आहेतच, हा बिल्डरचा बचाव राष्ट्रीय आयोगाला पटला. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०२० रोजी तो निर्णय फिरवला. फ्लॅट घेणारा चार भिंतींबरोबर तो परिसरही विकत घेत असतो, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. करारात उशिरासाठी चौरस फुटाला महिना पाच रुपये एवढीच भरपाई लिहिली होती. न्यायालयाने त्याखेरीज भरलेल्या रकमेवर साध्या व्याजाने वर्षाला सहा टक्के द्यायला लावले, उशिरासाठी आणि न पाळलेल्या आश्वासनांसाठीही.

उरली बाग. या आश्वासनात बिल्डरला सगळ्यात मोठा धोका आहे. समजा, ईमेल लिहिला त्या दिवशीच समोरच्या जागेवर दुसऱ्या टॉवरचा आराखडा मंजुरीला गेलेला होता. मग हे मोडलेलं वचन राहत नाही; वस्तुस्थितीबद्दल केलेलं खोटं विधान होतं. फसवणूक सिद्ध करण्यासाठी बाहेरचा पुरावा चालतो, हा कलम ९२ चा पहिलाच अपवाद होता आणि नव्या कायद्यातही आहे. करार कायद्याच्या कलम १७ ते १९ प्रमाणे फसवणुकीने किंवा चुकीच्या माहितीने मिळवलेली संमती असेल तर करार रद्द करून घेता येतो. ‘आधीचं सगळं संपलं’ असं लिहिलेल्या कागदावरची सहीच जर खोट्या माहितीने मिळवली असेल, तर त्या सहीच्या जोरावर खोटं झाकता येत नाही.

इंग्लंडमधल्या अपील न्यायालयाने २०११ साली ॲक्सा सन लाइफच्या खटल्यात हाच फरक स्पष्ट केला. त्या करारातल्या कलमाने आधीची ‘आश्वासनं, करार, निवेदनं’ रद्द ठरवली होती. न्यायालय म्हणालं, याने ती निवेदनं कराराच्या अटी होणार नाहीत एवढंच झालं. ती खोटी असल्याबद्दलची जबाबदारी तशीच आहे. ती झटकायची तर तसं स्पष्ट शब्दांत लिहावं लागेल. म्हणून अलीकडच्या मसुद्यांत आणखी एक वाक्य दिसू लागलं आहे: ‘खरेदीदार या करारनाम्यात नसलेल्या कोणत्याही माहितीवर विसंबलेला नाही.’ करारनामा वाचताना हे वाक्य सापडलं तर तिथे थांबावं. ते ‘संपूर्ण करार’ कलमाहून जास्त घेऊन जायला निघालेलं असतं, जरी उघड फसवणुकीपुढे तेही टिकणं अवघड.

बागेच्या बाबतीत जोडप्यापुढेही एक अडथळा आहे. करार कायद्याच्या कलम १९ ला अपवाद आहे: चुकीची माहिती मिळालेल्या माणसाला साध्या काळजीने खरं शोधता आलं असतं, तर निव्वळ चुकीच्या माहितीच्या कारणावरून त्याला करार मोडता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर आराखडे पाहता येतात. दुसरा टॉवर तिथे दिसत असेल, तर बिल्डरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की तुम्ही ते पान उघडलं होतं का. जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्याला मात्र हा बचाव लागू होत नाही; तो अजाणता दिलेली चुकीची माहिती आणि लपवाछपवी यांच्यासाठी आहे.

कागद कितीही पक्का असला तरी तो खरोखर करार म्हणून केला होता का, हेही विचारता येतं. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात १९५३ साली दोन हजार रुपयांच्या कर्जापोटी घराचं खरेदीखत करून दिलेलं होतं. कर्ज घेणाऱ्या बाईंचं म्हणणं, ते खरेदीखत दिखाऊ होतं, विक्री ठरलीच नव्हती. १९८१ मध्ये न्यायालयाने त्यांना तोंडी पुरावा देऊ दिला. कागदातल्या अटी बदलायला बंदी आहे. तो कागद अमलात आणायचाच नव्हता हे दाखवायला नाही.

सहीनंतर आलेल्या ईमेलांचा विषय निराळा. ‘संपूर्ण करार’ कलम मागे पाहतं, पुढचं पुसत नाही. पण नमुन्यात शेजारीच दुसरी ओळ आहे की करारनाम्यात बदल दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीनेच होईल, आणि नोंदवलेल्या कराराच्या अटी नंतरच्या तोंडी कराराने बदलता येत नाहीत असं पुरावा कायदा सांगतो. ताबा घेताना साइटवर ‘एक पार्किंग अजून देऊन टाकू’ असं कुणी म्हणालं, तर ते पूरक करारनाम्यात आल्याशिवाय धरू नये. पार्किंगबद्दल तर २०२४ पासून महारेराने जागेचा क्रमांक आणि मापं देणारं परिशिष्ट सक्तीचं केलं आहे.

या सगळ्यात आधीचे ईमेल हाती असणं आणि ते पुराव्यात येणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ठरवलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर सोबत ठरलेलं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच न्यायालयापुढे ठेवलं तर गोष्ट वेगळी. नव्या कायद्यात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे. महारेरापुढची पद्धत दिवाणी न्यायालयाहून सैल आहे, तिथे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांवर काम चालतं. तरी बिल्डरने ‘हा ईमेल आमचा नाही’ म्हटलं की तिथेही मूळ संदेशच मागितला जातो. स्क्रीनशॉट कापलेला असतो, त्यात तारीख नसते, पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. मूळ संदेश जोडलेल्या ब्रोशरसह मेलबॉक्समध्ये तसाच राहू द्यावा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं फोन बदलण्याआधी एक्स्पोर्ट करून ठेवावं. सेल्स मॅनेजरने खासगी जीमेलवरून लिहिलं असेल तर बिल्डर म्हणू शकतो, त्याला तसा अधिकार नव्हता. बुकिंगच्या पावत्याही त्याच माणसाने दिल्या होत्या, पैसे त्याच्याच सांगण्यावरून कंपनीच्या खात्यात गेले होते, हे दाखवता आलं तर तो बचाव फारसा टिकत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र नोंदणीच्या आधीच्या आठवड्यात असतो. मसुदा आला की जुना ईमेल शेजारी ठेवून, ज्या आश्वासनासाठी फ्लॅट घेतला ते मसुद्यात कुठे आहे हे शोधावं. नसेल तर ब्रोशरची संबंधित पानं परिशिष्ट म्हणून जोडायला लेखी सांगावं. बिल्डर जोडेल, किंवा ‘ते जोडता येणार नाही’ असं उत्तर देईल. दुसरं उत्तर आलं तर सहीआधीच कळतं की त्या आश्वासनाची किंमत किती होती, आणि आठ लाखांच्या पुढचा चेक अजून आपल्याच हातात असतो.